खोकणाऱ्या लहान मुलाला अँटिबायोटिक केव्हा द्यायचे आणि केव्हा नाही

*‘माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे, वजन साडेदहा किलो. जूनपासून पाळणाघरात जातो. मागच्या आठवड्यात सर्दी-खोकला सुरू झाला, पहिले दोन दिवस ताप होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून फक्त पॅरासिटामॉल आणि नाकात घालायचे सलाईनचे थेंब दिले. चौथ्या रात्री खोकून खोकून उलटी झाली, शेंबूड हिरवा झाला, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सेफिक्झिम दिलं आणि दोन दिवसांत निम्मा फरक पडला. मग पहिल्या डॉक्टरांनीच अँटिबायोटिक का नाही दिलं? चिठ्ठी बरोबर आहे की नाही हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं? आणि अर्धी बाटली उरली आहे, ती संपवायची का?’*

मी गेली बावीस वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून बाह्यरुग्ण विभागात बसतो आणि पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या-तिसऱ्या मुलाची तक्रार हीच असते. तुमच्या मुलाला मी तपासलेले नाही, त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावलेला नाही, कानात पाहिलेले नाही. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांना तपासताना काय दिसले हे मला माहीत नाही आणि ते चुकले असे मी इथून म्हणणार नाही. मात्र तुमच्या साऱ्या शंकेचा पाया ‘औषध दिले आणि फरक पडला’ हा आहे, आणि तो किती भक्कम आहे हे आधी पाहायला हवे.

विषाणूमुळे होणाऱ्या खोकल्याला स्वतःचे एक वेळापत्रक असते. पहिल्या एक-दोन दिवशी ताप आणि पाणी गळणारे नाक. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास ताप उतरू लागतो, पण खोकला वाढतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान तो सर्वांत जास्त असतो, विशेषतः रात्री आणि पहाटे. त्यानंतर तो हळूहळू उतरणीला लागतो, पण पूर्ण थांबायला वेळ घेतो. एकूण मुलांपैकी निम्म्यांचा खोकला साधारण दहाव्या दिवसापर्यंत थांबतो आणि दहापैकी नऊ मुलांचा थांबायला जवळजवळ पंचवीस दिवस लागतात. बहुतेक आईवडिलांना हे कोणी सांगितलेले नसते. त्यांच्या मनात ‘तीन दिवसांत बरे व्हायला हवे’ असा हिशेब असतो आणि म्हणून त्यांचा धीर बरोबर चौथ्या रात्री सुटतो, म्हणजे खोकला शिखरावर असतो तेव्हा. पाचव्या दिवशी नवीन औषध सुरू होते आणि सातव्या दिवशी मूल खेळू लागते. पाचव्या दिवशी दिलेले औषध कोणतेही असो, श्रेय त्यालाच मिळते. तुमच्या मुलाचा क्रम अगदी असाच आहे. त्याला काहीच दिले नसते तरी सातव्या दिवशी तो आज दिसतो तसाच दिसला असता, अशी शक्यता बरीच मोठी आहे.

मी हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण सुरुवातीच्या वर्षांत मीही याच वेळापत्रकाला फसलो होतो. बाहेर चाळीस मुले वाट पाहत असताना, चौथ्या दिवशी परत आलेल्या आईला समजावण्यापेक्षा अझिथ्रोमायसिन लिहून देणे सोपे होते, आणि तीन दिवसांनी ती ‘तुमच्या औषधाने लगेच गुण आला’ म्हणून सांगायला आली की मलाही खरे वाटे. पुढे मी अशा मुलांना औषध न देता फक्त दोन दिवसांनी परत बोलावू लागलो. त्यांतली बहुतेक मुले तितक्याच दिवसांत बरी होत आहेत हे जेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेव्हा माझी चिठ्ठी बदलली.

आता हिरव्या शेंबडाविषयी, कारण तिथेच सर्वांत जास्त गैरसमज आहे. शरीर कोणत्याही संसर्गाशी लढताना पांढऱ्या पेशी नाकाच्या अस्तरात गोळा करते. त्या पेशींमध्ये एक हिरवट रंगाचे विकर असते. पेशी फुटल्या की ते शेंबडात मिसळते आणि शेंबूड पिवळा, मग हिरवा दिसू लागतो. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी असे होते आणि काही दिवसांनी तो पुन्हा पातळ होतो. म्हणजे हिरवा रंग शरीर लढत असल्याचे सांगतो, समोर विषाणू आहे की जिवाणू हे सांगत नाही. खोकताना झालेली उलटीही तशीच आहे. या वयाच्या मुलाला कफ थुंकता येत नाही, तो गिळतो, पोटात साठवतो आणि जोरात खोकल्याबरोबर बाहेर टाकतो. त्यानंतर मूल शांत झोपत असेल आणि सकाळी काही खात-पीत असेल, तर त्या उलटीने मी काळजीत पडत नाही.

अँटिबायोटिकचा इथे उपयोग का नाही, हे एकदा नीट समजले की पुढचे सारे सोपे होते. अमॉक्सिसिलिन आणि सेफिक्झिम ही औषधे जिवाणूच्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाहीत. अझिथ्रोमायसिन जिवाणूच्या आतला प्रथिने तयार करणारा कारखाना बंद पाडते. सर्दी-खोकल्याच्या विषाणूला पेशीही नसते, भिंतही नसते आणि स्वतःचा असा कारखानाही नसतो. तो आपल्याच पेशींत शिरून आपलीच यंत्रणा वापरतो. त्यामुळे या औषधांना धरायला तिथे काहीच नसते. शिवाय पहिल्या काही दिवसांनंतरचा खोकला बहुतेक वेळा विषाणूचाही नसतो. श्वासनलिकेचे अस्तर सोलवटून निघालेले असते आणि ते पुन्हा भरून यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर थंड हवा, धूर, हसणे, धावणे अशा कशानेही खोकला येतो. ती भरून येणारी जखम आहे. तिची गती कोणत्याही बाटलीने वाढत नाही.

‘आज विषाणू असेल, पण उद्या न्यूमोनिया होऊ नये म्हणून आधीच दिले तर काय बिघडले?’ असे मला रोज विचारले जाते. साध्या सर्दी-खोकल्यात आधीच अँटिबायोटिक दिल्याने गंभीर गुंतागुंत टळण्याचे प्रमाण इतके अल्प आहे की हजारो मुलांना औषध द्यावे तेव्हा कुठे एखाद्याला लाभ होतो. त्या हजारोंपैकी अनेकांना मात्र त्रास नक्की होतो. जुलाब ही सर्वांत नेहमीची गोष्ट. अमॉक्सिसिलिनबरोबर क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड असलेल्या औषधाने तर फारच. चार-पाच दिवस पातळ शी होते, मग लंगोटाच्या जागी लालभडक पुरळ उठते आणि कडेला सुटे सुटे लाल ठिपके दिसतात, म्हणजे त्यावर बुरशी चढलेली असते. आता खोकल्याबरोबर हेही निस्तरावे लागते. दुसरी गोष्ट त्याहून दीर्घकाळ टिकणारी आहे. विषाणूमुळेही अंगावर पुरळ येते. ते नेमके अँटिबायोटिक चालू असताना आले, तर फाइलवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शेरा बसतो, आणि पुढे खरी गरज असताना सर्वांत चांगले आणि स्वस्त औषध त्या मुलाला नाकारले जाते. तिसरी गोष्ट दिसत नाही. मुलाच्या घशात आणि आतड्यांत नेहमी राहणाऱ्या जिवाणूंपैकी औषधाला बळी पडणारे मरतात, दाद न देणारे उरतात आणि वाढतात, आणि ते पुढचे काही महिने तिथे टिकू शकतात. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा सर्दी-खोकला होतो. प्रत्येक वेळी एक कोर्स झाला, तर वर्षभर त्याच्या घशात त्याच जिवाणूंची निवड होत राहते.

मग मी स्वतः ठरवतो कसे? सर्वांत आधी श्वास मोजतो. खोकल्याचा आवाज कितीही मोठा असला तरी तो आजार वरच्या श्वासमार्गात आहे की फुप्फुसात उतरला आहे हे सांगत नाही. श्वासाची गती ते सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल, तर तो वेगवान श्वास मानायचा. महाराष्ट्राला तर याचा फार जवळचा अनुभव आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील खेड्यांमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस बालन्यूमोनियावर काम केले, तेव्हा निरक्षर दायांनाही श्वास मोजता यावा म्हणून एक साधे उपकरण तयार केले होते. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ होते आणि मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेला मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. क्ष-किरण नाही, रक्ततपासणी नाही, तरीही त्या गावांतील न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू लक्षणीय कमी झाले. तेव्हा हे मोजणे तुम्हालाही निश्चित जमेल.

मोजण्याची पद्धत मात्र नीट पाळावी लागते. मूल झोपलेले किंवा अगदी शांत असावे. रडताना, खाताना किंवा खोकल्याची उबळ नुकतीच येऊन गेली असताना मोजू नये. अंगात ताप असेल तर श्वास तसाही वाढतो, म्हणून पॅरासिटामॉल देऊन ताप उतरल्यावर पुन्हा मोजावे. सदरा छातीच्या वर उचलावा, दिवा लावावा आणि फोनवर पूर्ण एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येते ते मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो आणि एका श्वासाची चूक चार श्वासांची होते. मोजतानाच बरगड्यांच्या खालच्या कडेकडे पाहावे. मूल श्वास आत घेते तेव्हा ही कड प्रत्येक वेळी आत ओढली जात असेल, म्हणजे तिथे खळगा पडत असेल, तर आकडा कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना कण्हणे, ओठ निळसर होणे, काहीच पिऊ न शकणे, उठवूनही न उठण्याइतकी सुस्ती यांपैकी काही असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एक उदाहरण सांगतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अडीच वर्षांचा, १२ किलोचा एक मुलगा सोमवारी आला. दोन दिवसांचा ताप, वाहणारे नाक, घशात खरखर. श्वास ३२, छाती स्वच्छ, कान ठीक, खेळण्यातली गाडी हातातून सोडत नव्हता. मी अँटिबायोटिक दिले नाही आणि श्वास कसा मोजायचा ते आजीला करून दाखवले. बुधवारी ताप गेला. शुक्रवारी रात्री मात्र तो पुन्हा आला आणि तोही १०३ फॅरनहाइट. शनिवारी सकाळी आजीने फोन केला, ‘ताप उतरल्यावरही मिनिटाला पन्नासच्या वर मोजतेय आणि पोट उडतंय.’ तपासले तेव्हा श्वास ५४ होता, खालच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या, उजव्या बाजूला खाली बारीक चुरचुर ऐकू येत होती, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९५ होता आणि मूल थोडे थोडे पाणी पीत होते. हा विषाणूनंतर झालेला, बहुधा जिवाणूचा न्यूमोनिया होता. अमॉक्सिसिलिन किलोमागे एका वेळी सुमारे ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या २५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी आणि दोन संध्याकाळी, पाच दिवस. अठ्ठेचाळीस तासांनी परत बोलावले तेव्हा श्वास ३८ वर आला होता आणि त्याने पोळी मागून खाल्ली होती.

आता कोणी म्हणेल की सोमवारीच औषध दिले असते तर? सोमवारी त्या मुलासारखीच दिसणारी आणखी पंधरा-वीस मुले माझ्यासमोरून गेली होती आणि ती सगळी औषधाविना बरी झाली. कोणाचा आजार पालटणार हे सोमवारी कोणालाच ओळखता आले नसते. ते शुक्रवारी रात्री ओळखता आले, आणि आजीने ओळखले. ताप जाऊन दोन दिवसांनी परत येणे ही या सगळ्यातील फार महत्त्वाची खूण आहे. तुमच्या मुलाचा ताप पहिल्या दोन दिवसांनंतर परत आल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. तो परत आला नसेल आणि श्वास चाळिसाच्या आत असेल, तर पहिल्या डॉक्टरांचा निर्णय योग्य होता असे मी म्हणेन.

न्यूमोनियाखेरीजही अँटिबायोटिकची खरी कारणे आहेत. ठणकणारा, पडदा लाल होऊन फुगलेला कान हे एक. दहा दिवसांनंतरही अजिबात न ओसरणारे, उलट वाढत जाणारे नाक आणि खोकला हे दुसरे. श्वास संपेपर्यंत खोकून शेवटी ‘हूप’ असा आवाज येणारा डांग्या खोकला हे तिसरे. चार आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला, रोजचा, ओला, कफाचा खोकला असेल तर काही मुलांना दोन आठवड्यांचा कोर्स लागतो. घरात कोणाला क्षयरोग असेल, किंवा दोन आठवड्यांच्या वर खोकला असून वजन वाढत नसेल, तर मात्र एकामागून एक साधी अँटिबायोटिक देत बसू नये, क्षयरोगाची तपासणी करावी. याच संदर्भात पावणेदोन वर्षांची एक मुलगी मला आठवते. तिला तीन आठवडे खोकला होता आणि दोन ठिकाणी मिळून दोन अँटिबायोटिक झाली होती. ‘खोकला नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला?’ असे विचारल्यावर आईला आठवले की ती भाजलेले शेंगदाणे खात असताना ठसका लागून लालबुंद झाली होती. शेंगदाण्याचा अर्धा दाणा उजव्या श्वासनलिकेत होता; दुर्बिणीने काढला. त्या दोन कोर्सनी तिचे जेवढे नुकसान केले त्याहून अधिक नुकसान त्यांत गेलेल्या तीन आठवड्यांनी केले, कारण प्रत्येक नव्या बाटलीबरोबर सर्वांना आणखी पाच दिवस थांबण्याचे कारण मिळत गेले.

रक्ततपासणीवर फार विसंबू नका. पांढऱ्या पेशी आणि शरीरातला दाह दाखवणारे सीआरपी हे रक्तातले प्रथिन काही विषाणूंमध्येही, विशेषतः ॲडेनोव्हायरसमध्ये, चांगलेच वाढतात. खेळणाऱ्या मुलाचा केवळ अहवाल वाईट आहे म्हणून मी अँटिबायोटिक देत नाही आणि धाप लागलेल्या मुलाला अहवाल चांगला आहे म्हणून घरी पाठवत नाही.

आता चिठ्ठीकडे येऊ. तुम्हाला औषधशास्त्र शिकण्याची गरज नाही. पहिली गोष्ट शोधायची ती म्हणजे कारण. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये डॉक्टरांना आवाहन केले की अँटिबायोटिक लिहिताना ते नेमके कशासाठी, हे चिठ्ठीवर नोंदवावे. ‘न्यूमोनिया’, ‘मधल्या कानाचा संसर्ग’ असे काही लिहिलेले असेल, तर डॉक्टरांनी विचार करून निर्णय घेतला आहे हे दिसते. ‘सर्दी-खोकला’ किंवा ‘व्हायरल’ लिहून त्याखाली अँटिबायोटिक असेल, तर ती चिठ्ठी स्वतःशीच विसंगत आहे आणि तुम्ही निःसंकोच विचारावे.

पण मुळात बाटली अँटिबायोटिकची आहे हे कसे कळणार? पुष्कळ पालकांना ते ठाऊकच नसते. बाटलीत कोरडी पावडर असेल आणि सोबतचे पाणी, किंवा उकळून गार केलेले पाणी, खुणेपर्यंत घालून हलवायचे असेल, तर ते बहुतेक वेळा अँटिबायोटिकच असते. अझिथ्रोमायसिन मात्र बऱ्याचदा तयार द्रवरूपात मिळते, म्हणून पावडर नाही म्हणजे अँटिबायोटिक नाही असे समजू नये. वेष्टनावर उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे औषध आहेच नाही. या रेघेची मोहीम केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केली, ती मुख्यतः अँटिबायोटिकसाठीच.

यानंतर औषधाची निवड. जागतिक आरोग्य संघटना अँटिबायोटिकचे तीन गट करते: नेहमीच्या आजारांत आधी वापरायची, जपून वापरायची आणि अखेरच्या उपायासाठी राखून ठेवायची. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे. सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन दुसऱ्या गटात. लहान मुलांच्या न्यूमोनियात ज्या न्यूमोकोकस जिवाणूची सर्वांत जास्त धास्ती असते, त्याच्याविरुद्ध सेफिक्झिम हे अमॉक्सिसिलिनपेक्षा दुबळे आहे. ते नवे आणि महाग असले म्हणून अधिक ‘स्ट्राँग’ ठरत नाही. म्हणजे तुमच्या मुलाला विषाणूचा खोकला असेल तर सेफिक्झिमची गरज नव्हती, आणि न्यूमोनियाची शंका असेल तर ते माझी पहिली निवड नसती. अमॉक्सिसिलिनची ॲलर्जी आहे, अशा काही कारणाने ते निवडले गेले असू शकते. ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

मात्रेचा हिशेब तुम्ही स्वतः पडताळू शकता, पण बदलू नका. सेफिक्झिम दिवसाला किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम देतात. साडेदहा किलोला दिवसाचे ८४ मिलिग्रॅम, दोनदा विभागले तर एका वेळी ४२ मिलिग्रॅम. पाच मिलिलीटरमध्ये ५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून हे साधारण ४ मिलिलीटर होतात. हीच बाटली १०० मिलिग्रॅमचीही मिळते. चिठ्ठीवर फक्त ‘४ मिली’ लिहिले असेल आणि दुकानातून दुसरी बाटली आली, तर मात्रा दुप्पट होते. म्हणून चिठ्ठीवर मुलाचे वजन, बाटलीवरचे मिलिग्रॅम आणि किती दिवस द्यायचे, या तिन्ही गोष्टी असाव्यात. वजनाचा काटा न वापरता लिहिलेली चिठ्ठी मला अस्वस्थ करते.

त्याच चिठ्ठीवर खोकल्याचे मिश्र सिरप असेल तर त्याबद्दलही विचारा. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा डिसेंबर २०२३चा आदेश आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने मुले दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. त्यानंतर आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची सिरप देऊच नयेत असे सांगितले. तुमचा मुलगा त्या वयात बसतो. त्याला रात्री झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध कोमट पाण्यातून द्या. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध अजिबात देऊ नये. झोपण्याआधी आणि खाण्याआधी नाकात सलाईनचे थेंब घाला. खाणे कमी झाले तरी चालेल, पातळ पदार्थ आणि पाणी चालू राहू द्या.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात हेही मान्य करतो. तीन महिन्यांखालील बाळ, जन्मजात हृदयविकार असलेले किंवा खूप कुपोषित मूल, किंवा रात्री काही झाले तर रुग्णालय तीस किलोमीटरवर आणि नाल्याला पूर, अशा ठिकाणी मीदेखील लवकर अँटिबायोटिक सुरू करतो. म्हणून केवळ चिठ्ठीवर अँटिबायोटिक आहे एवढ्यावरून डॉक्टरांना दोष देऊ नये. आणि पालकांच्या बाजूने एक गोष्ट हात जोडून सांगतो: ‘डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या, उद्या प्रवास आहे’ असे म्हटले, की पुष्कळ डॉक्टर ते अँटिबायोटिकची मागणी म्हणूनच ऐकतात. त्याऐवजी असे विचारा, ‘याचा श्वास किती मोजलात? छातीत किंवा कानात काही दिसले का? हे औषध नाही दिले आणि दोन दिवस पाहिले तर चालेल का? कोणती गोष्ट दिसली तर लगेच परत आणू?’ या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या चिठ्ठीबरोबर मिळते, तिच्यात औषधे कमी असली तरी ती पूर्ण आहे असे मी मानतो.

राहिली ती अर्धी बाटली. ती स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि केवळ ‘कोर्स पुरा करायचा असतो’ म्हणून पुढेही रेटू नका. दुसऱ्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि सेफिक्झिम कशासाठी दिले ते विचारा. न्यूमोनिया किंवा कानाचा संसर्ग आढळला होता असे ते म्हणाले, तर सांगितलेले दिवस पूर्ण करा. ‘खोकला फार होता म्हणून’ एवढेच कारण असेल, तर आता ताप नसताना आणि श्वास ठीक असताना थांबवू का, असे स्पष्ट विचारा. विषाणूच्या खोकल्यात उरलेल्या मात्रांनी काही साधत नाही. काहीही ठरले तरी पाणी घालून तयार केलेले औषध लेबलवर लिहिलेल्या दिवसांनंतर, बहुधा एक-दोन आठवड्यांत, निकामी होते. ते फ्रिजच्या दारात पुढच्या खोकल्यासाठी राखून ठेवू नका आणि पाळणाघरातल्या दुसऱ्या मुलाच्या आईलाही देऊ नका. आज रात्री मुलगा झोपला की सदरा वर करून एक मिनिट श्वास मोजा आणि आलेला आकडा त्याच चिठ्ठीच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. फोनवर डॉक्टर तोच विचारतील.